मधला बिंदू सांगणार कोण?

'ती होडी जाडी होती' हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते, हे शाळेतली मुलेही जाणतात. त्याची अक्षरे सात आहेत. मधोमध 'जा' आहे आणि तो वाक्यात दुसरीकडे कुठेच नाही, त्यामुळे मध्य आपसूक सापडतो. अक्षरे मात्र सम संख्येने असतील आणि तीही फक्त a आणि b अशी दोनच असतील, तर मध्यावर अशी काही खूण उरत नाही. संगणकशास्त्रातला एक मोठा फरक नेमका इथे उघडा पडतो.

पुशडाउन ऑटोमेटन हे कागदावरचे यंत्र आहे. ते अक्षरे डावीकडून उजवीकडे एकदाच वाचते, मागे वळत नाही. त्याच्याकडे मोजक्याच अवस्था असतात, पण जोडीला एक स्टॅक असतो. मडक्यांच्या उतरंडीसारखाच त्याचा नियम: वर ठेवायचे, वरचेच काढायचे. उंची हवी तितकी वाढवता येते, पण खालचे हवे असेल तर वरचे उतरवावेच लागते. आणि उतरवले की ते गेले.

उलटसुलट सारख्या शब्दाला हा स्टॅक अगदी सोयीचा आहे. abba घ्या. पहिला अर्धा भाग, a आणि b, स्टॅकवर चढवायचा. मग पुढचे प्रत्येक अक्षर वरच्या अक्षराशी ताडून ते उतरवायचे. b ला b मिळाला, a ला a मिळाला, स्टॅक रिकामा झाला, शब्द मान्य. अडचण एकच: चढवणे थांबवून उतरवणे सुरू करायचे कधी? शब्द किती लांब आहे हे यंत्राला आधी ठाऊक नसते.

नॉनडिटर्मिनिस्टिक यंत्राला इथे सवलत असते. प्रत्येक अक्षरानंतर त्याला दोन्ही वाटा खुल्या: 'अजून मध्य आला नाही' किंवा 'हाच मध्य'. एका जरी वाटेने हिशेब जुळला तरी शब्द मान्य होतो, बाकीच्या वाटा फसल्या तर त्याची दखल कुणी घेत नाही. डिटर्मिनिस्टिक यंत्राला प्रत्येक क्षणी एकच पाऊल ठरलेले असते.

आता त्याला aaaabbaaaa हा शब्द द्या. दहा अक्षरे वाचून झाल्यावर यंत्राने 'हो' म्हणायलाच हवे. शेवटचे चार a सुरुवातीच्या चारांशी ताडायचे तर स्टॅक उतरवणे आले. तो उतरला की 'चार' ही संख्या पुसली गेली. पण शब्द अजून संपलाच नसेल तर? पुढे bbaaaa आले तर सोळा अक्षरांचा aaaabbaaaabbaaaa हाही उलटसुलट सारखाच होतो. bbaaa आले तर होत नाही. म्हणजे तोच आकडा खर्चायचाही आणि राखायचाही. चार हा आकडा एखाद्या अवस्थेत लपवता येईल. चार कोटी असतील तर? अवस्था किती, हे यंत्र बांधतानाच ठरून गेलेले असते.

'एखादी चलाख युक्ती निघेलही,' असे कुणी म्हणेल. निघत नाही, आणि त्याची सिद्धताही देखणी आहे. कोणताही शब्द घ्या आणि त्याला पुढे हवी ती अक्षरे जोडत राहा. स्टॅक कधी वाढेल, कधी घटेल. ज्या जोडणीने तो सर्वांत ठेंगणा होतो, तिथे थांबा. यापुढे काहीही वाचले तरी स्टॅक त्या उंचीखाली जाणार नाही, म्हणजे वरच्या चिन्हाखाली काय दडले आहे ते यंत्र पुन्हा कधीच पाहणार नाही. त्याचे पुढचे सगळे वागणे दोनच गोष्टींवर ठरते: अवस्था आणि सर्वांत वरचे चिन्ह. अशा जोड्या मोजक्या असतात, तर शब्द अनंत. तेव्हा दोन वेगळे शब्द एकाच जोडीवर येऊन थांबणारच, आणि तिथून पुढे यंत्राला ते दोन्ही एकच.

पण ते एकच नसतात! ab आणि abab पाहा. दोघांना ba हे शेपूट लावले तर abba उलटसुलट सारखा होतो, ababba होत नाही. कोणतेही दोन वेगळे शब्द घेतले तरी त्यांच्यात असा भेद करणारे शेपूट सापडतेच. यंत्र मात्र दोघांना एकच उत्तर देणार, म्हणजे एकदा तरी चुकणार.

गंमत अशी की स्टॅक नसलेल्या साध्या यंत्रांत हा फरक पडत नाही. रॅबिन आणि स्कॉट यांनी 1959 मध्ये दाखवले की सगळ्या वाटांवरच्या अवस्थांचा संच एकदम लक्षात ठेवला की डिटर्मिनिस्टिक यंत्रही तेच काम करते. इथे ती युक्ती लंगडी पडते, कारण प्रत्येक वाटेचा स्टॅक निराळा असतो आणि हाताशी स्टॅक एकच.

मध्यावर c हे तिसरे अक्षर ठेवायची परवानगी दिली, abcba असे, तर डिटर्मिनिस्टिक यंत्र हे काम बिनचूक करते: c दिसेपर्यंत चढवायचे, मग उतरवायचे. प्रोग्रॅमिंगच्या भाषांत उघडणारा आणि मिटणारा कंस निरनिराळा असतो. दोन्हीकडे एकच चिन्ह असते, तर कंस उघडला की मिटला हा प्रश्न कंपायलरला दर वेळी पडला असता.