ऑफर लेटरमधली चार वाक्यं नीट लिहा, पुढचे वाद तिथेच थांबतात



नाशिकच्या सातपूर भागात पॅकिंगचं छोटं युनिट चालवणारे एक उद्योजक माझ्याकडे आले होते. आठ माणसांची टीम. डिस्पॅच सांभाळायला नववा माणूस घेतला आणि तो पहिला पगार हातात पडल्यावर तिसऱ्या दिवशी निघून गेला. "सर, आजकालच्या पोरांना टिकायचंच नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, आधी त्याला दिलेलं ऑफर लेटर दाखवा.

एका पानाचं लेटर. कामाची चार वाक्यं अशी होती: "आपले वार्षिक पॅकेज २.६४ लाख रुपये राहील. आपण लवकरात लवकर रुजू व्हावे. तीन महिन्यांचा प्रोबेशन काळ समाधानकारक पूर्ण झाल्यास आपणास कायम करण्यात येईल. नोटीस पिरियड कंपनीच्या नियमानुसार."

तुम्ही त्या मुलाच्या जागी असता तर काय केलं असतं? २.६४ लाखांना बारानं भागलं असतं. उत्तर २२,०००. त्यानंही तेच केलं, घरीही तोच आकडा सांगितला. मालकांच्या डोक्यातला हिशोब मात्र वेगळा होता. महिन्याला १८,००० म्हणजे वर्षाचे २,१६,०००. दिवाळी बोनस २४,०००. आणि डिस्पॅचमध्ये चुका न झाल्यास वर्षभरात मिळणारा इन्सेन्टिव्ह आणखी २४,०००. बेरीज बरोबर २.६४ लाख. कोणी खोटं बोललं नव्हतं, पण खात्यात आले १७,८००. वरचे २०० व्यवसाय कराचे.

म्हणून पहिला नियम: ऑफर लेटरमध्ये आधी महिन्याचा आकडा, मग वर्षाचा. आणि महिन्याचा आकडा कपातीनंतर हातात पडणारा सुद्धा. आम्ही ते वाक्य असं बदललं:

"तुमचा मासिक पगार १८,००० रुपये आहे. त्यातून व्यवसाय कर २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) कापून १७,८०० रुपये दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत तुमच्या बँक खात्यात जमा होतील. सध्या इतर कोणतीही कपात नाही. याशिवाय दिवाळीला २४,००० रुपये बोनस मिळेल. वर्ष पूर्ण झालेलं नसेल तर तो काम केलेल्या महिन्यांच्या प्रमाणात मिळेल. डिस्पॅच इन्सेन्टिव्ह वर्षाला जास्तीत जास्त २४,००० रुपये असून तो कामगिरीवर अवलंबून आहे. त्याचे निकष सोबतच्या पानावर आहेत."

"सध्या" हा शब्द मुद्दाम आहे. व्यवसाय कराचा हा दर महाराष्ट्रात १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुषांसाठी आहे; महिलांना २५,००० पर्यंत तो लागत नाही, म्हणजे लेटर कॉपी-पेस्ट करताना इथे हमखास चूक होते. आणि या युनिटमध्ये अजून एक माणूस आला की संख्या दहा होणार, मग ईएसआयसी लागू. २१,००० पर्यंतच्या पगारावर कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के, म्हणजे इथे १३५ रुपये. पीएफचा प्रश्न वीस माणसांपासून येतो. म्हणून पुढे एक ओळ जोडली: "कायद्याने नवी कपात लागू झाली तर ती सुरू होण्याआधी तुम्हाला लेखी कळवू." १३५ रुपयांसाठी कोणी नोकरी सोडत नाही. न सांगता कापले तर मात्र डोकं फिरतं.

आता रुजू होण्याची तारीख. "लवकरात लवकर" म्हणजे मालकांसाठी पुढचा सोमवार होता. मुलाला आधीच्या ठिकाणी नोटीस द्यायची होती. दोघांची चिडचिड तिथूनच सुरू झाली होती. तारीख लिहा, वार लिहा, आणि उत्तराची मुदतही लिहा:

"तुम्ही सोमवार, ८ जून २०२६ रोजी सकाळी ९.३० वाजता रुजू व्हावं. ही ऑफर मान्य असल्यास शनिवार, १६ मेपर्यंत सही केलेली प्रत पाठवा. तारीख पुढे न्यायची असेल तर त्याआधीच फोन करा, आपण मिळून नवी तारीख ठरवू. जूनचा पगार ८ ते ३० तारखेच्या २३ दिवसांचा, म्हणजे १३,८०० रुपये असेल. व्यवसाय कर वजा जाऊन १३,६०० जमा होतील."

वार लिहिण्याचा फायदा असा की तारीख टाइप करताना चूक झाली तर वार जुळत नाही आणि लगेच लक्षात येतं. पहिल्या अर्धवट महिन्याचा आकडा तर कोणीच देत नाही. खरं तर पहिला धक्का तिथेच बसतो.

प्रोबेशनवर मी सगळ्यात जास्त वेळ घेतला. "समाधानकारक पूर्ण झाल्यास" यात समाधान कोणाचं आणि ते कळणार कधी? मालक कामात असतात, तीन महिने उलटून जातात, कोणी काही बोलत नाही. पाचव्या महिन्यात मुलगा स्वतःला कायम समजतो, मालक समजत नाहीत. मग आम्ही लिहिलं:

"८ जून ते ७ सप्टेंबर २०२६ हा प्रोबेशन काळ असेल. दर महिन्याच्या शेवटी आपण अर्धा तास बसून काम कसं चाललंय ते बोलू. ७ सप्टेंबरपर्यंत आम्ही लेखी कळवू. गरज वाटल्यास कारण सांगून हा काळ एकदाच, जास्तीत जास्त एक महिन्याने वाढवू. काहीच कळवलं नाही तर ८ सप्टेंबरपासून तुम्ही कायम आहात असं समजा."

शेवटच्या वाक्यावर मालक अडले. "सर, हे अंगाशी येईल." मी सांगितलं, मोबाइलमध्ये २४ ऑगस्टचा रिमाइंडर लावा. निर्णय देणं तुमचं काम आहे, तर विसरण्याचा भार समोरच्यावर का? पटत नसेल तर उलटं लिहा, "लेखी पत्राशिवाय कायम समजू नये", पण काहीतरी एक लिहा.

नोटीसमध्ये "नियमानुसार" चालत नाही, कारण आठ माणसांच्या युनिटमध्ये तो नियम लिहिलेला कुठे असतो? तीन गोष्टी हव्यात: किती दिवस, कोणासाठी, मोजायचे कुठून.

"प्रोबेशनमध्ये ७ दिवस आणि कायम झाल्यावर ३० दिवसांची नोटीस, तुमच्याकडून आणि आमच्याकडूनही तेवढीच. दिवस कॅलेंडरचे, सुट्ट्यांसह; नोटीस दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचे. उदा. ५ ऑक्टोबरला राजीनामा दिला तर शेवटचा दिवस ४ नोव्हेंबर. दोघांच्या संमतीने हा काळ कमी करता येईल."

नोटीस पूर्ण न केल्यास राहिलेल्या दिवसांचा पगार कोण कोणाला देणार, तेही लिहा. पण झालेल्या कामाचा पगार अडवून ठेवू किंवा मूळ सर्टिफिकेट जमा करून घेऊ, असलं काही घालू नका. आणि लेटरमध्ये काहीही लिहिलं तरी किमान वेतन व कामगार कायदे त्याच्या वरच राहतात. त्यामुळे मसुदा एकदा तुमच्या लेबर कन्सल्टंटच्या नजरेखालून घाला.

एवढं सगळं लिहून लेटर कोर्टाच्या नोटिशीसारखं वाटेल, ही मालकांची भीती होती. म्हणून गोडवा फक्त सुरुवातीला आणि शेवटी ठेवला. सुरुवात: "तुमच्याशी बोलून आनंद झाला. अवघड ऑर्डर तुम्ही कशी सांभाळली ते ऐकून आम्हाला वाटलं, आपल्या डिस्पॅचला असाच माणूस हवा." शेवट: "काही शंका असेल तर सही करण्याआधी बिनधास्त फोन करा." मधल्या आकड्यांत "साधारण", "बघून घेऊ", "योग्य ते करू" हे शब्द शोधून काढून टाकले. "आपणास" च्या जागी "तुम्ही", "करण्यात येईल" च्या जागी "करू". लेटर दीड पानाचं झालं.

पाठवण्याआधी मी एक चाचणी करायला सांगितली. मालकांनी ते लेटर घरी बायकोला वाचायला दिलं आणि विचारलं: जुलैत खात्यात किती येतील? कायम कधी होणार? सोडायचं ठरलं तर शेवटचा दिवस कसा काढायचा? पहिल्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "७ जुलैला येतील ते १३,६००, पण जुलैच्या कामाचे १७,८०० ऑगस्टमध्ये, बरोबर ना?" तेवढ्यावरून "दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत" हे बदलून "पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत" केलं, आणि मग लेटर पाठवलं.