लग्नाच्या आदल्या रात्री रंगवलेले केस

मामाच्या मुलाचं लग्न उद्यावर आलेलं. पाहुणे झोपल्यावर सतरा वर्षांची एक मुलगी बाथरूमची कडी लावते आणि केसांना बरगंडी रंग फासते. अर्ध्या तासाने केस धुऊन आरशात पाहते, तर ते होते तसेच काळेभोर!

काळ्या केसांत मेलॅनिन हे रंगद्रव्य ठासून भरलेलं असतं. घरगुती डायमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यातलं थोडंच फिकं करतं, त्यामुळे लाल झाक फार तर उन्हात दिसते. म्हणून ती ब्लीच पावडर कालवून मुळांपासून लावते. इथे खरा घोळ होतो. काळे केस फिके होताना तांबूस, मग नारिंगी, मग पिवळे होत जातात, आणि वाटेतच ब्लीच धुतलं तर नारिंगीवर अडकतात. डोक्याच्या उष्णतेने मुळांशी ब्लीच जास्त जोरात चालतं. परिणामी मुळं भडक नारिंगी आणि टोकं काळपट तांबडी.

आता घाबरून पुन्हा ब्लीच लावू नये. केस लगेच रबरासारखे ताणले जातात आणि तुटतात. त्याऐवजी सकाळी ब्यूटीशियनकडे जावं. ती नारिंगीवर थंड झाकेचा तपकिरी रंग देते. त्यातली निळसर छटा नारिंगी मारते आणि मुळं-टोकं एकसारखी दिसतात. मात्र आधी काळी मेंदी किंवा दुसरा कुठला डाय लावला असेल, तर तिला ते सांगायलाच हवं. काही पावडरींत धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइडशी गाठ पडली की ते तापतात आणि केस जाळतात.

रंग सुधारता येतो, ॲलर्जी नाही. बहुतेक गडद डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं. कित्येकदा काळ्या मेंदीतही तेच मिसळलेलं असतं. पूर्वी हातावर अशी मेंदी काढल्यावर खाज किंवा फोड आले असतील, तर डोक्याला डाय लावल्यावर त्रास जास्त होऊ शकतो. तो लगेच दिसत नाही. बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी कपाळ, कान आणि पापण्या सुजतात, म्हणजे नेमक्या लग्नात किंवा पूजेच्या दिवशी. म्हणूनच खोक्यावर ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहायला सांगितलेलं असतं. आदल्या रात्री त्यासाठी वेळच उरत नाही. शिवाय अनेक डायवर १६ वर्षांखालील मुलांसाठी नसल्याची सूचनाही असते. चेहरा सुजला तर डॉक्टरांना दाखवावं आणि श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट इस्पितळ गाठावं.

एका दिवसापुरती हौस असेल, तर क्लिपने अडकवायच्या रंगीत बटा पुरेशा आहेत. कायमचाच रंग हवा असेल, तर तो लग्नाच्या दोन आठवडे आधी, चाचणी करून लावावा. म्हणजे बिघडलं तरी दुरुस्तीला दिवस हाताशी राहतात.