आयताकृती पडद्याचा आवाज: दोन बाजू आणि वारंवारतांची यादी

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा जाईल, कारण यात थोडी समीकरणं आहेत. ऐकताना सुटलेली अक्षरं इथे नीट पाहता येतील.

गेल्या भागात आपण तारेबद्दल बोललो. दोन्ही टोकं बांधलेली तार एका मूळ वारंवारतेनं कंप पावते, आणि तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारताही तिच्यात असतात. म्हणून तारेतून स्वच्छ स्वर निघतो. त्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: तारेऐवजी चौकटीवर ताणलेला आयताकृती पडदा घेतला तर? त्याच्याही वारंवारता अशाच पटीत येतात का? थोडक्यात उत्तर 'नाही' असं आहे. पण त्या कुठून येतात हे कळलं, की नुसता आवाज मोजून पडद्याच्या बाजूंचं गुणोत्तर काढता येतं. आज तिथपर्यंत जाऊ.

पडदा काय करतो

पडदा एका चौकटीवर सगळीकडून सारखा ताणला आहे. लांबी a, रुंदी b. कुठलाही बिंदू आपल्या मूळ जागेपासून किती वर-खाली आहे, त्या अंतराला u म्हणू. ते x, y आणि वेळ t या तिन्हींवर अवलंबून आहे. एखाद्या ठिकाणी पडदा फुगला असेल, तर ताण त्याला खाली ओढतो. जितकी वक्रता जास्त, तितकी ओढ जास्त. ही वक्रता लांबीच्या दिशेनं असू शकते, रुंदीच्या दिशेनंही असू शकते, आणि दोन्हींची बेरीज होते. हेच समीकरणात लिहिलं की असं दिसतं:

```
u_tt = c² (u_xx + u_yy),   c = √(T/σ)
```

T म्हणजे कडेच्या प्रत्येक मीटरमागचा ताण, σ म्हणजे एका चौरस मीटर पडद्याचं वस्तुमान, आणि c म्हणजे पडद्यावरून लाट धावण्याचा वेग. शिवाय एक अट: चारही कडा चौकटीला पक्क्या आहेत, तिथे u कायम शून्य.

तीन चलं वेगळी कशी करायची

तीन गोष्टींवर एकदम अवलंबून असलेलं समीकरण सरळ सोडवणं कठीण. म्हणून आपण एक खास प्रकारची हालचाल शोधतो. तिच्यात पडद्याचा आकार तोच राहतो, फक्त सगळा आकार एकत्र वर-खाली होतो. आकारातही x चा भाग वेगळा आणि y चा भाग वेगळा, असं धरू:

```
u = X(x) · Y(y) · Q(t)
```

हे वरच्या समीकरणात घालून दोन्ही बाजूंना XYQ नं भागलं, की उरतं:

```
Q''/(c² Q) = X''/X + Y''/Y
```

आता इथे जरा थांबा, कारण सगळी गंमत याच ओळीत आहे. डावीकडे फक्त वेळ आहे. उजवीकडे फक्त जागा आहे. मी पडद्यावर एकाच जागी बोट ठेवून वेळ पुढे जाऊ दिली, तर उजवी बाजू बदलत नाही, म्हणून डावीलाही बदलता येत नाही. म्हणजे दोन्ही बाजू एका स्थिरांकाइतक्या. उजवीकडेही तोच युक्तिवाद लागतो: y तसाच ठेवून x बदलला, तरी बेरीज तीच राहते, म्हणून X''/X हाही स्थिरांक आणि Y''/Y हाही स्थिरांक. एका अवघड समीकरणाची तीन सोपी समीकरणं झाली. यालाच चलांचं विलगीकरण म्हणतात.

हे स्थिरांक ऋण असावे लागतात. X''/X धन असेल तर X घातांकी वाढतो किंवा घटतो, आणि अशी वक्ररेषा दोन्ही कडांना शून्य होऊच शकत नाही, पडदा पूर्ण सपाट असेल तरच होते. स्थिरांक शून्य असेल तर X सरळ रेषा, तिचीही तीच गत. म्हणून X'' = -p²X, आणि उत्तर साइनच्या लाटेचं.

कडा निवड करतात

x = 0 या कडेला X शून्य, म्हणून X = sin(px). समोरच्या कडेलाही शून्य हवा, म्हणजे sin(pa) = 0. हे तेव्हाच होतं जेव्हा लांबीत साइनच्या अर्ध्या लाटा पूर्ण संख्येत बसतात: p = mπ/a, इथे m = 1, 2, 3... रुंदीच्या दिशेनं तसंच, q = nπ/b. m किंवा n शून्य घेतला तर पडदा हलतच नाही, म्हणून मोजणी एकपासून. वेळेच्या समीकरणातून कोनीय वारंवारतेचा वर्ग c²(p² + q²) इतका येतो, आणि तिला 2π नं भागलं की:

```
f_mn = (c/2) √( (m/a)² + (n/b)² )
```

प्रत्येक (m, n) जोडी म्हणजे एक मोड. m सांगतो लांबीत किती फुगवटे, n सांगतो रुंदीत किती. फुगवट्यांच्या मधल्या रेषेवर पडदा स्थिर असतो, तिला निस्पंद रेषा म्हणू. रॅले यांच्या 'द थिअरी ऑफ साउंड' या १८७७ च्या ग्रंथात आयताकृती पडद्याची अशीच मांडणी आहे.

एक उदाहरण करून पाहू

समजा पडदा ६० सेंमी × ४० सेंमी आहे. प्लास्टिकचा, एका चौरस मीटरला ०.२६ किलो. ताण दर मीटरला सुमारे २४०० न्यूटन. वेग आला सेकंदाला ९६ मीटर. सूत्रात घातलं की आकडे छान सुटसुटीत होतात:

```
f_mn = 40 √(4m² + 9n²)
```

(१,१) ची वारंवारता १४४.२ हर्ट्झ. (२,१) ची बरोबर २००. मग येतो (१,२), २५३.०. त्यानंतर (३,१), २६८.३. आणि (२,२), २८८.४.

पहिला आणि शेवटचा पाहा: (२,२) बरोबर (१,१) च्या दुप्पट आहे. म्हणजे दुपटीची वारंवारता इथेही आहे. पण तारेत त्या दोघींच्या मध्ये काहीच नव्हतं, इथे मध्ये तीन उपऱ्या आहेत, आणि त्या १.३९, १.७५, १.८६ पटीला. जितकं वर जाल तितकी गर्दी वाढते. कानाला एक स्वर सापडत नाही, 'धप' ऐकू येतं. तबल्याचं काय, असं तुम्ही विचारालच. गोल पडद्याच्या वारंवारताही मुळात पटीत नसतात. तबला-मृदंगाची शाई त्यांना पटीच्या जवळ आणते, हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं होतं.

कुठे वाजवता यावरही बरंच ठरतं. बरोबर मध्यावर टिचकी मारली तर (२,१) आणि (१,२) जवळजवळ गप्प राहतात, कारण त्यांची निस्पंद रेषा मध्यातूनच जाते. मध्यावर फक्त m आणि n दोन्ही विषम असलेले मोड जागे होतात. म्हणून मोजणी करायची असेल तर लांबीच्या पाव आणि रुंदीच्या पाव अंतरावर वाजवा. पहिले पाचही मोड मिळतात.

उलटा प्रवास: आवाजावरून बाजू

आता मुख्य गोष्ट. सूत्राचा वर्ग केला की ते अगदी साधं होतं:

```
f² = A m² + B n²,   A = c²/(4a²),   B = c²/(4b²)
```

(२,१) च्या वर्गातून (१,१) चा वर्ग वजा केला तर 3A उरतं. आपल्या आकड्यांत ४०००० वजा २०८००, म्हणजे १९२००; A = ६४००. तसंच (१,२) वरून ६४००० वजा २०८००, म्हणजे ४३२००; B = १४४००. B/A = २.२५, त्याचं वर्गमूळ १.५. म्हणजे लांबी रुंदीच्या दीडपट! फूटपट्टी न लावता कळलं. आणि एक तपासणीही फुकट मिळते: A + B हे (१,१) च्या वर्गाइतकं यायला हवं. ६४०० + १४४०० = २०८००. आलं.

पण कुठला आकडा कुठल्या मोडचा, हे ओळखायचं कसं? पडद्याखाली स्पीकर ठेवा, वर कोरडा रवा भुरभुरा, आणि वारंवारता हळूहळू वाढवा. (२,१) आला की रवा आखूड बाजूंना समांतर अशा एका मधल्या रेषेवर जमतो. (१,२) ला ती रेषा लांब बाजूंना समांतर. (१,१) ला आत रेषाच नसते, रवा कडांकडे सरकतो.

खऱ्या पडद्यावर काय बिनसतं

दोन गोष्टी बिनसतात, आणि त्या वेगवेगळ्या दिसतात. पहिली हवा. पडदा आपल्याबरोबर हवाही हलवतो, त्यामुळे तो जणू जड होतो. सगळा पडदा एकाच दिशेनं हलणाऱ्या (१,१) ला हे ओझं सर्वांत जास्त. समजा मोजमापात १३०, १९० आणि २४४ हर्ट्झ आले. वजाबाकी करून A ६४०० आणि B सुमारे १४२१२ येतात. बेरीज २०६१२, म्हणजे (१,१) साधारण १४३.६ ला हवा होता, पण आहे १३० ला. तपासणी नापास झाली, आणि ती ज्या बाजूला चुकली त्यावरून हवेचा संशय येतो.

दुसरी गोष्ट फसवी आहे. पडदा लांबीच्या दिशेनं जास्त ताणला आणि रुंदीच्या दिशेनं कमी, तर चलं तरीही वेगळी होतात. f² = Am² + Bn² हाच साचा राहतो, फक्त A मध्ये एक ताण आणि B मध्ये दुसरा. तपासणी छान पास होते, आणि तरीही निघालेलं गुणोत्तर चुकीचं असतं. लांबीचा ताण सव्वादोन पट केला, तर ६० × ४० चा पडदा कानाला हुबेहूब चौरस वाटेल: (२,१) आणि (१,२) एकाच वारंवारतेवर येतील.

म्हणजे आवाज आपल्याला A आणि B सांगतो, त्यापलीकडे नाही. बाजू आणि ताण त्यांच्यात मिसळलेले असतात. ताण सगळीकडे सारखा आहे याची खात्री असेल तरच गुणोत्तर बाजूंचं. बाजू मोजून ठेवल्या असतील तर तीच वजाबाकी ताणातला फरक दाखवते. पडदा सारखा ताणला आहे का, हे तपासायला म्हणूनच ती जास्त कामाची.

पुढच्या भागात गोल पडदा. तिथे साइन पुरत नाही. भेटूच.