राउटर बदलला आणि बाहेरून संगणक लागेना

रिमोट डेस्कटॉपने बाहेरून ऑफिसचा संगणक उघडायचा, तर विनंती आधी राउटरपाशी येते. इंटरनेटला फक्त राउटरचा पत्ता दिसतो. आतल्या संगणकांना `192.168` ने सुरू होणारे खासगी पत्ते असतात. म्हणून राउटरमध्ये एक नियम घालावा लागतो: `3389` या पोर्टवर येणारे सारे अमुक पत्त्याच्या संगणकाकडे पाठव. हेच पोर्ट फॉरवर्डिंग. हा नियम राउटरच्या स्वतःच्या मेमरीत असतो, त्यामुळे जुन्या राउटरबरोबर तोही जातो. नव्या राउटरला या विनंतीचे काय करायचे ते ठाऊक नसते, तो ती निमूट टाकून देतो, आणि बाहेरचा माणूस उत्तराची वाट पाहत बसतो. टाइम-आउट म्हणतात तो हाच. पासवर्ड चुकल्याचा संदेश आला असता, तर निदान वाट मोकळी आहे एवढे तरी कळले असते.

समजा, ऑफिसच्या संगणकाचा पत्ता `192.168.1.20` होता. नवा राउटर मात्र `192.168.0` या मालिकेतले पत्ते देतो आणि त्याच संगणकाला `192.168.0.105` मिळतो. जुना नियम आठवून तसाच भरला, तर विनंती अस्तित्वात नसलेल्या पत्त्याकडे जाते. आधी आतल्याच दुसऱ्या संगणकावरून `192.168.0.105` ला जोडून पाहावे. ते जमले तर संगणक आणि त्याची फायरवॉल ठीक आहेत. मग राउटरमध्ये हा पत्ता त्या संगणकासाठी राखून ठेवावा आणि नियम नव्याने लिहावा. बाहेरची चाचणी मोबाइल डेटावरूनच घ्यावी; ऑफिसच्याच वायफायवरून राउटरचा बाहेरचा पत्ता वापरला, तर अनेक राउटर ती विनंती आत वळवत नाहीत आणि निष्कर्ष चुकतो.

एवढे करूनही टाइम-आउट येत असेल, तर राउटरच्या स्थितीच्या पानावरचा WAN पत्ता पाहावा आणि आपला सार्वजनिक पत्ता दाखवणाऱ्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी ताडावा. राउटरवर `100.72.14.9` आणि संकेतस्थळावर भलताच पत्ता दिसला, तर मध्ये आणखी एक राउटर आहे. WAN पत्ता `192.168` ने सुरू होत असेल, तर बहुधा तो कंपनीने भिंतीवर बसवलेला फायबरचा डबाच असतो. त्याला ब्रिज मोडमध्ये टाकले की काम भागते. `100.64` ते `100.127` मधला पत्ता मात्र कॅरियर-ग्रेड नॅटची खूण आहे. आयपीव्ही-४ चे पत्ते जेमतेम ४३० कोटी, म्हणून इंटरनेट कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. त्या व्यवस्थेसाठी २०१२ मध्ये हा पट्टा राखून ठेवला गेला. बाहेरची विनंती कंपनीच्या यंत्रावरच अडते, आणि तिथे नियम घालणे ग्राहकाच्या हातात नसते. घरच्या राउटरवर मग कितीही खटपट केली तरी ती वाया जाते.

इथे कंपनीकडे स्टॅटिक सार्वजनिक पत्ता मागावा. त्याला बहुधा जादा भाडे पडते. जुन्या जोडणीला तो असेल, तर नव्या राउटरबरोबर तो लागू झाला आहे का, हेही विचारावे. दुसरा मार्ग व्हीपीएनचा: ऑफिसचा संगणक स्वतःच सार्वजनिक पत्त्याच्या सर्व्हरशी जोडणी करतो आणि बाहेरचा माणूस त्याच सर्व्हरमार्गे आत येतो. आतून बाहेर जाणारी जोडणी नॅट अडवत नाही. सार्वजनिक पत्ता मिळाला तरी व्हीपीएनच बरे, कारण उघडे `3389` पोर्ट शोधून पासवर्ड ठोकत राहणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर सतत फिरत असतात.