क्लॉडच्या वडिलांची कादंबरी

रोआल्ड डाल यांची ‘द चॅम्पियन ऑफ द वर्ल्ड’ ही कथा १९५९ साली प्रसिद्ध झाली. इंग्लंडच्या एका गावात पेट्रोल पंपावर राहणारे दोन मित्र, गॉर्डन आणि क्लॉड, एका गर्विष्ठ श्रीमंताच्या रानातले फेझंट पक्षी चोरायचे ठरवतात. बेदाण्यांत झोपेचं औषध भरायचं, पक्ष्यांना चारायचं आणि झाडावरून टपाटप पडले की गोळा करायचे! शेवटी बाबागाडीत लपवलेले पक्षी भलत्या वेळी जागे होऊन उडू लागतात. कथा तिथे संपते. तिला आणखी काही नको आहे.

मग तिची कादंबरी कशी व्हावी? रानाचे रखवालदार, चोरीचा माल वाहणारा टॅक्सीवाला, तो श्रीमंत मालक, यांतलं कुणीही वाढवता आलं असतं. पण त्यातून प्रसंग वाढले असते, प्रश्न नवा आला नसता. कथेत आणखी एक बारीक धागा आहे. क्लॉड बोलता बोलता आपल्या वडिलांबद्दल सांगतो: फेझंटना बेदाणे प्राणाहून प्रिय असतात, हे त्यांनी शोधलं होतं. कथेला या आठवणीचा उपयोग फक्त युक्ती सांगण्यापुरता. पण तिच्यात एक नातं दडलेलं आहे: चोरटी शिकार बापाकडून मुलाकडे येते. मुलगा बापाकडून काय घेतो, हा प्रश्न कथेने विचारलेलाच नाही.

१९७५ च्या ‘डॅनी, द चॅम्पियन ऑफ द वर्ल्ड’मध्ये डाल यांनी हाच धागा उचलला, असं मला वाटतं. गॉर्डन आणि क्लॉड गेले. त्यांच्या जागी आईविना वाढणारा नऊ वर्षांचा डॅनी आणि त्याचे वडील आले. बेदाण्यांचा शोध आता आजोबांच्या नावावर आहे. झोपेच्या औषधाची कल्पना मात्र डॅनीला सुचते. या एका बदलाने शिकणारा मुलगा बापाच्या बरोबरीला येतो. त्याआधी एका रात्री वडील घरी परतत नाहीत. डॅनी एकटा मोटार चालवत रानाकडे जातो आणि खड्ड्यात पाय मोडून पडलेल्या वडिलांना शोधून काढतो. मूळ कथेत या प्रसंगाला जागाच नव्हती, कारण तिथे पकडलं जाण्याची भीती होती, माणूस गमावण्याची नव्हती.

धागा निवडताना कसोटी इथेच लागते. नवी प्रकरणं काढून टाकली आणि जुना शेवट वाचकाला तसाच भिडला, तर तो धागा नुसती भरताड आहे. डॅनीची ती रात्र काढून पाहा. बाबागाडीतून पक्षी उडण्याची गंमत शिल्लक राहते, पण बापलेकांनी मिळून काय पणाला लावलं होतं ते कळेनासं होतं. म्हणूनच कादंबरी पक्षी उडाल्यावर थांबत नाही. मालकाची फजिती उरकून ती पुढे जाते, आणि शेवटच्या पानांवर बापलेक पुढचे बेत आखत चालताना दिसतात.