एक मायक्रॉन तेल आणि सहा टनांचा चढ

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणाजवळ बुलहेड सिटी नावाचं गाव आहे. तिथून ६८ नंबरचा रस्ता वाळवंटातून युनियन पास या खिंडीकडे चढत जातो. सुमारे १८ किलोमीटरांत तो साधारण ९०० मीटर उंची गाठतो. आपल्या घाटांच्या मानाने वळणं कमी, पण चढ सुटत नाही आणि सावलीचं नाव नाही. वाहनामागे किती वजनाचा ट्रेलर जोडता येईल, हे ठरवण्याची एसएई या अभियंत्यांच्या संस्थेची जे २८०७ ही कसोटी याच रस्त्यावर बेतलेली आहे. हवा किमान ३८ अंश सेल्सिअस, गाडीतला एसी पूर्ण चालू, आणि साध्या पिकअपने ताशी ६४ किलोमीटरच्या खाली यायचं नाही. वाटेत काही तुटता कामा नये, सांडता कामा नये, धोक्याचा दिवाही लागता कामा नये.

या चढावर इंजिन ऑइलचं काय होतं, ते पाहण्यासाठी अडीच टनांचा पिकअप आणि मागे साडेतीन टनांचा ट्रेलर धरू. एकूण सहा टन. ताशी ६४ किलोमीटरने हा जथा १७ मिनिटांत माथ्यावर पोहोचतो. नुसतं वजन वर उचलायला सुमारे ५३ किलोवॉट लागतात. टायरांचा विरोध, ट्रेलरच्या उभ्या तोंडावर आदळणारा वारा, गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी शक्ती आणि एसी मिळवला की इंजिनाकडून ९० किलोवॉटच्या आसपास मागणी होते. तोच पिकअप ट्रेलर सोडून सपाट रस्त्याने याच वेगाने जात असेल, तर त्याला याच्या साधारण दहावा हिस्सा पुरतो. छोटा उड्डाणपूल चढताना इंजिन काही सेकंद असा जोर लावतं आणि पुढच्या उतारावर दम खातं. इथे सतरा मिनिटं दम खायला जागा नाही.

आता इंजिनाच्या आत जाऊ. सिलिंडरचा व्यास नऊ सेंटिमीटर आणि जोर लावताना आतला दाब ९० बार धरला, तर प्रत्येक स्फोटात पिस्टनवर जवळपास सहा टनांचा भार येतो. म्हणजे गाडी, ट्रेलर आणि त्यातलं सामान यांचं मिळून जेवढं वजन, तेवढा दणका एकेका पिस्टनला, आणि तोही सेकंदाला पंधरा-वीस वेळा किंवा अधिक. हा भार कनेक्टिंग रॉडमधून क्रँकशाफ्टवर उतरतो. रॉड आणि शाफ्ट जिथे भेटतात, तिथली बेअरिंगची पट्टी जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद असते. सगळं ठीक असेल, तर एवढ्या भाराखालीही रॉडचं बेअरिंग आणि शाफ्ट एकमेकांना टेकत नाहीत. मधे तेलाचा पडदा असतो. स्फोटाच्या क्षणी त्याची जाडी एका मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी उरते.

हा पडदा सहा टन कशाच्या जोरावर पेलतो? ऑइल पंपाच्या, असं उत्तर पटकन सुचतं. पण पंपाचा दाब असतो चार-पाच बार, आणि त्या इवल्याशा पट्टीवर पडणारा दाब काहीशे बार. हे गणित जुळत नाही. कोडं सुटलं ते रेल्वेच्या आसामुळे. १८८३ साली इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर आस फिरू लागताच तेल त्याच भोकातून वर येऊ लागलं. त्यांनी बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक लावला, तर तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून वर गेलेला. तेल आत ढकलणारा पंप तिथे नव्हताच. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून निमुळत्या फटीत कोंबत होता आणि त्या कोंडलेल्या तेलावर स्वतः तरंगत होता. पावसात भरधाव गाडीचं टायर पाण्यावर उचललं जातं, तोच हा प्रकार, फक्त इथे तो हवाहवासा. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं आणि आजही बेअरिंगची आखणी त्याच पायावर होते.

त्या गणिताचा सारांश असा, की पडद्याची जाडी तीन गोष्टींवर ठरते: तेलाचा दाटपणा, शाफ्टचा वेग आणि वरचा भार. पहिल्या दोन वाढल्या की पडदा जाड होतो, तिसरी वाढली की पातळ. घाट चढताना भार वाढलेलाच असतो. उरलेल्या दोन गोष्टींवर सगळी मदार असते, आणि नेमका दाटपणाच उष्णतेने खालावत जातो.

तेल तापायला कारणं पुष्कळ. पिस्टनचं डोकं अडीचशे-तीनशे अंशांवर असतं आणि ते वितळू नये म्हणून अनेक इंजिनांत खालून त्याच्यावर तेलाची पिचकारी सतत मारलेली असते. टर्बोच्या शाफ्टला थंड ठेवणारंही तेच तेल. शिवाय बेअरिंगमध्ये स्वतःच्याच थरांच्या घासणीने ते आणखी तापतं. एरवी नव्वद-शंभर अंशांवर असणारं तेल लांब चढावर १२० ते १३० अंशांवर जाऊ शकतं. ५डब्ल्यू-३० तेलाचा दाटपणा शंभर अंशांना साधारण १०.५ सेंटिस्टोक असतो. १३० अंशांना तो सहावर येतो, म्हणजे तीस अंशांत चाळीस टक्क्यांहून जास्त घट. ५डब्ल्यू-२० घातलेलं असेल, तर त्याचा दाटपणा ११८ अंशांनाच सहावर आलेला असतो. तेलाची एक ग्रेड वर गेलं, की बारा-एक अंशांची सवलत पदरात पडते, असा याचा हिशेब. तीन लिटर पाणी जास्त मावणारा रेडिएटर बसवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

मात्र डब्यावरच्या आकड्यात एक मेख आहे. मल्टिग्रेड तेलात लांबलचक रेणूंचं पॉलिमर मिसळलेलं असतं. थंडीत हे रेणू गुंडाळलेले असतात आणि तापले की उलगडून तेलाला दाट ठेवतात. पण बेअरिंगच्या फटीत, जिथे घासणीचा वेग प्रचंड असतो, तिथे हेच रेणू प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात आणि तेल तेवढ्यापुरतं पातळ होतं. म्हणून तेलाची आणखी एक परीक्षा घेतात: १५० अंश तापमान आणि अशी जबरदस्त घासणी, दोन्ही एकदम. तिला एचटीएचएस म्हणतात. वीसच्या ग्रेडने इथे किमान २.६ गुण मिळवायचे, तीसच्या ग्रेडने २.९, आणि चाळीसच्या ग्रेडने तेलाच्या प्रकारानुसार ३.५ किंवा ३.७. ट्रेलर ओढणाऱ्याने तेल निवडताना कुठला एकच आकडा पाहायचा असेल, तर माझ्या मते हाच. तो डब्यावर सहसा नसतो, कंपनीच्या माहितीपत्रकात असतो.

गाडी बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. फोर्डच्या ६.७ लिटर डिझेलला एरवी १०डब्ल्यू-३० चालतं, पण जड कामासाठी ५डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० सांगितलेलं आहे. टोयोटाच्या अमेरिकी पुस्तिकांतही फार जास्त भार असेल तर अधिक दाट तेल बरं पडेल, अशी सूचना सापडते. म्हणून कोणी थेट ६० ग्रेडचं ओतू नये. फार दाट तेल बेअरिंगमध्ये स्वतःच जास्त उष्णता निर्माण करतं, सकाळी थंड इंजिनात उशिरा पोहोचतं, आणि तेलाच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्हची यंत्रणा त्याने अडखळते. पुस्तिकेत जेवढी मुभा दिली आहे, तिच्या वरच्या टोकाला राहावं, पलीकडे जाऊ नये.

आता वेगाचं. इथे बऱ्याच जणांचा अंदाज उलटा पडतो. इंजिन ओरडायला लागलं की त्याला त्रास होतोय असं वाटतं आणि माणूस वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर घाट रेटतो. पण तेच ९० किलोवॉट मिनिटाला २००० फेऱ्यांवर काढायचे, तर ४३० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, ४००० फेऱ्यांवर २१५. फेऱ्या दुप्पट झाल्या की स्फोटाचा दणका निम्म्यावर येतो, आणि शाफ्ट दुप्पट वेगाने तेल ओढतो. पडद्याच्या बाजूने दोन्हीकडून फायदा. शिवाय ऑइल पंप आणि पाण्याचा पंपही जोरात फिरतात. याला मर्यादा आहे. फेऱ्या फारच चढवल्या तर पिस्टनचं स्वतःचं हेलकावणारं वजन बेअरिंगला छळू लागतं आणि घासणीची उष्णताही वाढते. पण लाल रेषेच्या बऱ्याच खाली राहून गिअर उतरवण्यात तोटा नाही. आपले ट्रकचालक कसारा घाट लागण्याआधीच गिअर उतरवतात, ते बेअरिंगच्याही हिताचं असतं.

चढामुळे चेंबरमधलं तेल मागे जाऊन पंप कोरडा पडेल, ही भीती मात्र इथे अनाठायी आहे. पाच टक्के चढ म्हणजे जेमतेम तीन अंशांचा कल. डिपस्टिकवर पातळी बरोबर असेल, तर त्याने काही बिघडत नाही. पातळी कमी असेल तर थोडंच तेल पुनःपुन्हा फिरून लवकर तापतं, हा खरा तोटा.

माथ्यावर आल्यावर गाडी बाजूला घेऊन लगेच चावी फिरवू नये. टर्बो लालबुंद असतो आणि तेलाचा प्रवाह थांबला की त्याच्या बेअरिंगमध्ये अडकलेलं तेल करपून कोळसा होतो. दोन-तीन मिनिटं इंजिन रिकामं चालू द्यावं. त्याच वेळी तेलाचा दाब दाखवणारा काटा पाहावा. गरम इंजिन रिकामं चालताना दाब नेहमीपेक्षा बराच खाली दिसला, तर तेल पातळ झालंय किंवा बेअरिंगची फट वाढली आहे. अर्थात काही गाड्यांतला काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. तिथे आकडा दाखवणारं मीटर वेगळं लावल्याशिवाय काही कळत नाही.

उष्णतेचं देणं नंतरही फेडावं लागतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे १०० ऐवजी १३० अंशांवर तो आठपट. म्हणूनच एरवी दहा हजार मैलांवर तेल बदलायला सांगणाऱ्या टोयोटाच्या पुस्तिका ट्रेलर ओढणाऱ्याला पाच हजारांवर आणतात. ज्यांना अंदाजाने चालायचं नाही, ते काढलेल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. ५डब्ल्यू-३० तेलाचा दाटपणा शंभर अंशांना ९.३ च्या खाली आला असेल, तर डब्यावर काहीही लिहिलेलं असो, ते आता वीसचं तेल झालेलं असतं. सोबत इंधनाचं प्रमाण वाढलेलं दिसलं, तर सिलिंडरमधून इंधन खाली उतरतंय. ते नसेल, तर पॉलिमरचे रेणू तुटले आहेत आणि जास्त टिकाऊ पॉलिमरचं तेल शोधायला हवं. आणि शिसं, तांबं, कथील यांचे आकडे मागच्या नमुन्यापेक्षा चढलेले असतील, तर तो पडदा कुठेतरी फाटला होता आणि बेअरिंगचा वरचा थर तेलात उतरू लागला आहे. अशा वेळी पुढचा ट्रेलर जोडण्याआधी चेंबर उघडून बेअरिंग पाहून घ्यावं.