मनगट लोंबते तेव्हा

खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून गाढ झोपलेल्या माणसाचे मनगट कधी कधी सकाळी लोंबलेले असते. दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारा रेडियल मज्जातंतू दाबला गेलेला असतो. मनगट आणि बोटे वर उचलणारे, कोपराखालचे मागच्या बाजूचे स्नायू त्याच्यावरच चालतात.

मूठ वळणारे पुढच्या बाजूचे स्नायू शाबूत असतात. त्यांतले बहुतेक मीडियन मज्जातंतूवर, करंगळीकडचे थोडे अल्नरवर. तरी पकड ढिली पडते, कारण वाकलेल्या मनगटात त्यांना ताणच मिळत नाही. मनगट दुसऱ्या हाताने उचलून धरा, पकड लगेच सुधारते.

तळहात पालथा करताना अंगठ्याकडचे हाड करंगळीकडच्या हाडावरून फिरते. हे काम मीडियनचे, म्हणून ते जमते. उताणा करणारा एक स्नायू रेडियलवर अवलंबून असल्याने कोपर सरळ असताना अडचण येते. वाकवले की दंडातला बायसेप्स, वेगळ्या मज्जातंतूच्या जोरावर, ते काम उचलतो.

दाबाची ही इजा बहुधा काही आठवडे ते महिन्यांत भरते. तोवर मनगटाला आधारपट्टी लावतात. मात्र सोबत तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. ताबडतोब रुग्णालय गाठा.